धागा: माल उशिरा पोचणार, इंग्रजी माफीपत्र औपचारिक अरबीत कसं न्यावं?

रेखांश

नमस्कार मंडळी. निर्यात विभागाकडून एक इंग्रजी पत्र अरबी करायला आलं आहे. ग्राहक सौदी अरेबियातली कंपनी, वाचणार त्यांचा खरेदी विभाग. मंगळवार, 29 सप्टेंबर 2026 ला ईमेलने जायचं आहे.

मूळ मजकुराचा ऐवज असा. सुरुवातीला नेहमीचं "होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल". मग, खरेदी आदेश 2207-4471 चा कंटेनर 05/10 ला जेद्दा बंदरात पोचायचा होता, तो आता 19/10 ला पोचेल. कारण, उत्पत्ती प्रमाणपत्रात आमच्याकडून चूक झाली आणि ठरलेलं जहाज हुकलं. दुरुस्त कागदपत्रं तीन कामाच्या दिवसांत पाठवू. मग गैरसोयीबद्दल मनापासून क्षमा, संयमाबद्दल आभार, आणि काही विचारायचं असल्यास "डोन्ट हेझिटेट".

विषयाची ओळ मी अशी केली आहे:

```
إعتذار عن تسليم الشحنة رقم 2207-4471
```

ती बरोबर वाटते का? संबोधन, तारखा आणि शेवट यांबद्दलही सांगा.

शिरोरेघ

रेखांश, विषयाची ही ओळ अजिबात पाठवू नका. त्यांच्या इनबॉक्समध्ये तिचा अर्थ "शिपमेंट पोचवायला आमची असमर्थता" असा लागेल.

गोम "अन" या शब्दयोगी अव्ययात आहे. "इअतझर अन" म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल माफी मागणं, हे खरं. पण त्याच शब्दांचा तितकाच रुळलेला दुसरा अर्थ आहे, एखादी गोष्ट करायला नम्रपणे नकार देणं. "इअतझर अन अल-हुदूर" असं कोणी लिहिलं की तो माणूस येणार नाही, त्याने नम्रपणे कळवलं आहे, एवढंच वाचणारा समजतो. म्हणजे "अन" नंतर करायचं काम आलं की नकार, आणि घडलेला दोष आला की माफी. "तस्लीम", म्हणजे सुपूर्द करणं, हे करायचं काम आहे. म्हणून तुमची ओळ नकाराची झाली.

इंग्रजीत "लेट डिलिव्हरी" असं विशेषण आधी येतं, त्यामुळे माफी कशाची ते लगेच कळतं. अरबीत "उशिरा" हा शब्द मागून येणार. तो विषयाच्या ओळीत आलाच नाही, किंवा फोनच्या पडद्यावर कापला गेला, की उरतो तो नकार. म्हणून "अन" ला लागूनच उशीर हे नाम यायला हवं: "इअतिझार अन तअख्खुर शह्नत..." म्हणजे "अमुक शिपमेंटच्या उशिराबद्दल माफी".

आणखी एक, पहिल्या अलिफाखालचा हम्झा काढा. "इअतिझार" या घाटाच्या क्रियावाचक नामांना साधा अलिफ लागतो. "इस्तिफ्सार", "इन्तिझार" हेही तसेच. "इर्साल" आणि "इश्आर" मात्र हम्झ्यासकट लिहायचे. ही चूक अरबीभाषक स्वतः सर्रास करतात, तरी माफीच्या पत्राचा पहिलाच शब्द अशुद्ध नसावा.

गलबत

शिपिंगची अरबी कागदपत्रं रोज डोळ्यांखालून जातात म्हणून सांगतो. सोपा उपाय आहे, "अन" नंतर "अदम" घाला. "नअतझिरु अन अदम तस्लीम अल-शहना". "अदम" म्हणजे न होणं, त्यामुळे नकाराचा अर्थ संपला. आणि "तअख्खुर" कशाला? सगळे "तअखीर" लिहितात.

शिरोरेघ

गलबतदादा, "अदम" ने नकार टळतो हे बरोबर. पण मग वाक्य "शिपमेंट न पोचवल्याबद्दल माफी" असं होतं. इथे माल चौदा दिवस उशिरा का होईना पण येतोय. "पोचवला नाही" असं लेखी गेलं तर खरेदी विभाग पर्यायी पुरवठादार शोधायला लागेल. जिथे गोष्ट खरोखर घडलीच नाही तिथे "अदम" चपखल आहे, उदाहरणार्थ पत्राला उत्तर न दिल्याबद्दल. (तसं "हजर न राहिल्याबद्दल" मध्ये "अदम" हवा की नको यावर अरबी शुद्धलेखनवाल्यांत जुना वाद आहे. त्यात आपण न पडलेलं बरं.)

"तअख्खुर" आणि "तअखीर" मधला फरक मराठीतल्या "लांबणं" आणि "लांबवणं" सारखा आहे. शिपमेंटला उशीर झाला तो "तअख्खुर", कोणी उशीर केला तो "तअखीर". रोजच्या पत्रव्यवहारात दोन्ही चालतात, कोणी चूक म्हणणार नाही. पण "शिपमेंटचा" असं लगेच जोडायचं असेल तर मी "तअख्खुर" घेते, कारण "तअखीर अल-शहना" मध्ये कोणीतरी शिपमेंट मुद्दाम मागे ठेवल्याची छटा येते.

गलबत

पण ताई, इथे चूक यांचीच आहे ना? मग "उशीर केला" हेच प्रामाणिक नाही का? "तअख्खुर" म्हणजे माल आपला आपण उशिरा आला असं होतं.

शिरोरेघ

मुद्दा रास्त आहे. माझं मत एवढंच की कबुली पुढच्या वाक्यात स्पष्ट शब्दांत येणार आहे, ती नामाच्या रूपात लपवायची गरज नाही. पण तुम्ही "तअखीर" लिहिलंत तर मी खोडणार नाही.

दुपारचं_ऊन

माझ्या मते आधी विम्याचं बघा. चौदा दिवसांत बंदरावर कंटेनरचं भाडं चढलं तर ते कोण भरणार? ते पत्रात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट करा, नाहीतर ग्राहक सगळं तुमच्या माथी मारेल.

रेखांश

ऊन, तो प्रश्न विक्री विभाग करारावरून सोडवतोय. मूळ पत्रात पैशांचा शब्द नाही, त्यामुळे अरबीतही मला घालता येणार नाही. माझं काम फक्त भाषांतराचं.

दुपारचं_ऊन

अच्छा, मला वाटलं पत्र तुम्हीच लिहिताय. मग "याची संपूर्ण जबाबदारी आमची" एवढं तरी घाला. नम्र वाटतं.

शिरोरेघ

नाही, नेमकं हेच घालू नये. मूळ पत्रात "आमच्याकडून चूक झाली" आहे. "संपूर्ण जबाबदारी आमची" हे त्याच्या पुढचं पाऊल, आणि भरपाईची वेळ आली तर दाखवलं जाईल असं. भाषांतरकाराने नम्रता वाढवावी ती संबोधनात, क्रियापदात आणि समारोपात. कबुली मुळात जेवढी आहे तेवढीच राहावी. "खतअ मिन जानिबिना", आमच्या बाजूने झालेली चूक, हे पुरेसं आणि नेमकं आहे.

गलबत

कारणासाठी तयार वाक्य आहे की: "लि-झुरूफ खारिजा अन इरादतिना". आमच्या इच्छेबाहेरच्या परिस्थितीमुळे. प्रत्येक उशिराच्या पत्रात असतंच. हे घातलं की कबुलीचा प्रश्नच मिटतो.

शिरोरेघ

दादा, वाक्प्रचार अगदी रुळलेला आहे, वादळ किंवा बंदर बंद असं काही असतं तर मीही तोच सुचवला असता. इथे तो खोटा ठरेल, आणि ते पकडलंही जाईल. दुरुस्त उत्पत्ती प्रमाणपत्रावर नवी तारीख असेल. जकातीतून माल सोडवताना ते प्रमाणपत्र ग्राहकाच्याच हातात येणार. एकीकडे "परिस्थिती हाताबाहेरची" असं पत्र, दुसरीकडे पुरवठादाराच्या चुकीची दुरुस्ती दाखवणारा कागद. शिवाय मूळ इंग्रजी लेखकाने चूक मान्य केलेली असताना भाषांतरकाराने ती पुसणं हा अर्थबदल आहे.

"कुव्वा काहिरा" हा शब्द तर मुळीच वापरू नका. तो कायद्याचा शब्द आहे, करारातल्या कलमाला हात घालतो. इंग्रजीत "फोर्स मेजर" आलं असेल तरच तो अरबीत यावा.

पाणथळ

माझा अनुभव मोरोक्कोच्या ग्राहकांचा, तो सांगतो, उपयोग होईल. महिन्यांची नावं जपून लिहा. तिथे जुलैला "यूलियूझ" आणि ऑगस्टला "गुश्त" म्हणतात. इराक आणि सीरियाकडे ऑक्टोबर म्हणजे "तिश्रीन अल-अव्वल". त्यामुळे रेखांशने दोन्ही नावं द्यावीत. आणि आकडे 1, 2, 3 असेच लिहा, अरबी वळणाचे नकोत.

शिरोरेघ

पाणथळ, महिन्यांची माहिती अचूक आहे, पण ग्राहक सौदीत आहे. तिथे "उक्तूबर" सगळ्यांना कळतं, दुसऱ्या नावाची गरज नाही. एकच मजकूर चार देशांत जाणार असेल तर जोडनाव द्यावं. आकड्यांचं मोरोक्कोत खरं, सौदीत दोन्ही वळणं चालतात. मात्र आदेश क्रमांक त्यांच्या संगणकात ज्या आकड्यांत आहे त्याच आकड्यांत ठेवा. एकाच पत्रात तारखा एका वळणाच्या आणि क्रमांक दुसऱ्या वळणाचे, असंही करू नका.

खरी काळजी 05/10 ची. हे 5 ऑक्टोबर की 10 मे? इथे 19/10 शेजारी असल्यामुळे उलगडा होतो, पण वाचणाऱ्याला ताडून का बघायला लावायचं? वार, दिवस, महिन्याचं नाव, वर्ष असं सगळं लिहा. दोन्ही तारखांना सोमवार आहे, म्हणजे चूक झालीच तर वारावरून लगेच कळेल.

आणि "तीन कामाचे दिवस" ही मोजणी बदलते. पत्र मंगळवारी जाणार. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कार्यालयाच्या हिशेबाने तीन दिवस म्हणजे शुक्रवार. सौदीत 2013 पासून सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तिसरा दिवस रविवार. तुमच्या लोकांनी शुक्रवारी कागद पाठवले तर ते दोन दिवस उघडायला कोणी नाही. विभागाला विचारून पक्की तारीख घ्या.

रेखांश

विचारलं. कागदपत्रं गुरुवारी, 1 ऑक्टोबरला जातील असं म्हणाले. हाच मजकूर टाकते. "तीन दिवस" राहिलंच असतं तर "सलास अय्याम" बरोबर होतं का?

शिरोरेघ

नाही, "सलासत अय्याम". "यौम" पुल्लिंगी, म्हणून तीन ते दहापर्यंतचा आकडा स्त्रीलिंगी रूपात येतो. बोलीत हा नियम पाळला जात नाही, त्यामुळे ऐकून शिकलेल्यांचा हात इथे हमखास चुकतो.

आता "पोचेल" बद्दल. इंग्रजीत "अराइव्ह" आहे ना? मग "वुसूल" लिहा आणि "बंदरात" हे शब्द गाळू नका. "तस्लीम" लिहिलंत तर 19 तारखेला माल त्यांच्या गोदामात उतरेल असा अर्थ होतो. बंदरापासून गोदामापर्यंत अजून जकात आहे.

कळफलक

एक तांत्रिक गोष्ट कोणी बोललं नाही. 2207-4471 हा क्रमांक अरबी ओळीत पडद्यावर 4471-2207 असा उलटा दिसेल. अरबी अक्षरांच्या मागून आलेल्या आकड्यांना यंत्र अरबी आकड्यांच्या नियमाने मांडतं, आणि त्या नियमात आडवी रेघ दोन आकड्यांना एकत्र बांधत नाही. मग दोन तुकडे उजवीकडून डावीकडे लागतात. तिरपी रेघ असती तर क्रम टिकला असता. आधी लॅटिन अक्षरं असतील, म्हणजे PO-4471 सारखं, तरी बिघडत नाही.

ओळखायचं कसं? क्रमांक निवडून साध्या इंग्रजी ओळीत चिकटवा. तिथे बरोबर दिसला तर मजकूर ठीक आहे, फक्त दिसणं उलटं आहे. अशा वेळी हाताने उलटा टंकून "सुलटा" करायचा मोह होतो, तो टाळा. तसं केलं की पडद्यावर छान दिसतं, पण ग्राहकाने नकलून शोधलं की त्यांच्या नोंदीत काहीच सापडत नाही.

ईमेलच्या मजकुरात असं करा:

```
<div dir="rtl" lang="ar">
أمر الشراء رقم <span dir="ltr">2207-4471</span>
</div>
```

विषयाच्या ओळीत असे टॅग चालत नाहीत. तिथे क्रमांकाच्या लगेच आधी U+200E हे न दिसणारं चिन्ह घाला, एकच पुरतं. सहीखालच्या दूरध्वनी क्रमांकालाही हेच करा, नाहीतर देशाच्या क्रमांकाआधीचं अधिकचिन्ह उजव्या टोकाला जातं.

रेखांश

कळफलक, हे लाखमोलाचं. आत्ता करून पाहिलं, खरंच उलटा दिसत होता. आणि मी तो हाताने सुलटा करायलाच निघाले होते.

संबोधनाचं आणि शेवटचं राहिलं. "डिअर" ला "अझीझी" लिहिलं होतं.

शिरोरेघ

"अझीझी" जाहिरातींत आणि मित्राला लिहिताना ठीक. कंपनीला "अस-सादा", मग तिरपी रेघ, कंपनीचं नाव आणि "अल-मुहतरमीन". एका व्यक्तीला असेल तर "अस-सय्यिद" किंवा "अल-उस्ताझ", पूर्ण नाव, "अल-मुहतरम". बाईंना "अल-उस्ताझा" आणि "अल-मुहतरमा". इंजिनिअर किंवा डॉक्टर असतील तर ती पदवी गाळू नये.

"होप धिस ईमेल" चं वाक्य पूर्ण सोडून द्या. त्याचं शब्दशः अरबी हल्ली खूप दिसतं, पण वाचताना भाषांतराचा वास येतो. त्या जागी "तहिय्या तय्यिबा व बअद" हे तीन शब्द. "बअद" नंतर पत्राचा विषय सरळ सुरू होतो, म्हणून मध्ये आणखी कुशल विचारू नये.

"तुम्ही" सगळीकडे "-कुम" ने, वाचणारा एकच असला तरी. मराठीतल्या आदरार्थी "आपण" सारखंच. पुरुष की बाई हा प्रश्नही त्यामुळे सुटतो.

"मनापासून" साठी "बि-सिद्क" नको, "नतकद्दमु इलैकुम बि-खालिस अल-इअतिझार" ही घडवलेली ओळ आहे. "गैरसोय" साठी "इझआज" चुकीचा नाही, रस्त्याच्या कामाच्या फलकांवर तोच असतो. पण त्यात त्रास, कटकट अशी छटा आहे. चौदा दिवस माल नसणं ही कटकट नव्हे, धंद्यावरचा परिणाम आहे. म्हणून "या उशिराचा आपल्या कामावर काय परिणाम होऊ शकतो याची आम्हाला जाणीव आहे" असं करा.

"संयमाबद्दल आभार" शब्दशः नको. त्यांनी अजून संयम दाखवलेला नाही, बातमीच आत्ता कळतेय. "हुस्न तफह्हुमिकुम", समजून घेण्याबद्दल. "डोन्ट हेझिटेट" च्या जागी "नह्नु रह्न इशारतिकुम", आम्ही आपल्या सेवेत आहोत.

सगळं जोडून:

```
الموضوع: اعتذار عن تأخر شحنة أمر الشراء رقم ‎2207-4471

السادة / [اسم الشركة] المحترمين
تحية طيبة وبعد،

نتقدم إليكم بخالص الاعتذار عن تأخر شحنة أمر الشراء المذكور أعلاه، وكان من المقرر وصولها إلى ميناء جدة الإسلامي يوم الاثنين 5 أكتوبر 2026. والموعد المتوقع الآن لوصولها إلى الميناء هو يوم الاثنين 19 أكتوبر 2026.

وقد نتج ذلك عن خطأ من جانبنا في بيانات شهادة المنشأ، فلم تُحمَّل الحاوية على السفينة المحددة لها. وسنرسل إليكم المستندات المصححة يوم الخميس 1 أكتوبر 2026.

وإننا ندرك ما قد يسببه هذا التأخر من أثر في أعمالكم، ونحن رهن إشارتكم في أي استفسار.

شاكرين لكم حسن تفهمكم، وتفضلوا بقبول فائق الاحترام والتقدير،،،
```

माफी, जुनी तारीख आणि नवी तारीख मी एकाच परिच्छेदात आणल्या आहेत. खरेदी विभाग आधी तारीख शोधतो, कारण नंतर वाचतो. शेवटचे तीन स्वल्पविराम टंकनदोष नाहीत, अरबी कार्यालयीन पत्रांत ती रूढ खूण आहे.

गलबत

छान झालंय. एक सुचवू? 19 ऑक्टोबरच्या आधी "बि-इझ्निल्लाह" घाला. देवाच्या अनुमतीने. पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना तिकडे हे म्हणतातच, नसलं तर कोरडं वाटतं.

पाणथळ

मी नाही घालणार. माफीच्या पत्रात एकदा तारीख चुकलेली आहे. दुसऱ्या तारखेला हे जोडलं की काही वाचणारे "म्हणजे अजून नक्की नाही" असा अर्थ काढतात.

शिरोरेघ

दोघांचंही पटण्यासारखं आहे. ग्राहकाच्या आधीच्या पत्रांत हा शब्द तारखांपाशी येत असेल तर घालावा, नसेल तर "अल-मुतवक्कअ", म्हणजे अपेक्षित, हा शब्द तारखेपाशी आहेच, तो अनिश्चितता सांगतो. मुळात नसलेला धार्मिक शब्द घालायचा तर सही करणाऱ्याला मात्र सांगून घालावा.

रेखांश

त्यांची मागची दोन पत्रं काढून पाहिली. एकात आहे, एकात नाही, लिहिणारे वेगळे. तूर्त "अल-मुतवक्कअ" वरच ठेवते आणि सही करणाऱ्यांना विचारते. पण त्याच पत्रांत अजून एक दिसलं, संबोधनात एकाने "अल-मुहतरमीन" लिहिलंय आणि दुसऱ्याने "अल-मुहतरमून".

शिरोरेघ

"-ईन" लिहिणारा सुरुवातीला "इला", म्हणजे "यांना", असा शब्द गृहीत धरतो. "-ऊन" लिहिणारा तसं धरत नाही. आखाती पत्रव्यवहारात "-ईन" जास्त दिसतं, व्याकरणाचे कडवे लोक "-ऊन" चा आग्रह धरतात. ज्यांना हे पत्र जाणार आहे त्यांनी काय लिहिलं होतं?

रेखांश

"-ऊन".

शिरोरेघ

मग "-ऊन" करा.